अशोकाला राण्या किती, मुलं किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरळ सांगा, अशोकाला राण्या किती होत्या आणि मुलं किती?

एक आकडा देता येत नाही. सगळे ग्रंथ आणि शिलालेख पुढ्यात घेतले, तर पाच राण्यांची नावं हाती लागतात: कालुवाकी, देवी, असंधिमित्ता, पद्मावती आणि तिष्यरक्षिता. पण या पाच जणी कुठल्याही एका ठिकाणी एकत्र भेटत नाहीत. श्रीलंकेत पाली भाषेत लिहिलेल्या ‘महावंस’ला देवी, असंधिमित्ता आणि तिस्सरक्खा, म्हणजे पालीतली तिष्यरक्षिता, माहीत आहेत. उत्तर भारतात संस्कृतात रचलेल्या ‘अशोकावदाना’ला पद्मावती आणि तिष्यरक्षिता माहीत आहेत. आणि खुद्द अशोकाने कोरून घेतलेल्या लेखांत नावानिशी एकच राणी येते, ती कालुवाकी. तिचा पत्ता या दोन्ही ग्रंथांना नाही.

मुलांचं तसंच. तीवल, महेंद्र, कुणाल, जलौक आणि कुस्तन असे पाच मुलगे, संघमित्रा आणि चारुमती अशा दोन मुली. ही सात नावं गोळा करायला अलाहाबादच्या खांबापासून श्रीलंका, काश्मीर, नेपाळ आणि पार मध्य आशियातल्या खोतानपर्यंत फिरावं लागतं. त्या सातांतली किती माणसं खरोखर अशोकाच्या पोटची, हा वेगळाच प्रश्न. खालची बहुतेक उत्तरं त्याच्याभोवती फिरतात.

शिलालेखात नाव आलेली राणी कोण? तिच्याबद्दल काय कळतं?

अलाहाबादच्या किल्ल्यात अशोकाचा एक स्तंभ आहे. तो मूळचा कौशांबीचा असावा असं मानतात. त्याच्यावर इतर आज्ञांसोबत एक छोटासा लेख आहे, अभ्यासक त्याला ‘राणीचा लेख’ म्हणतात. मजकूर अगदी कारकुनी थाटाचा आहे. सगळीकडच्या महामात्रांना, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांना हुकूम आहे की, दुसऱ्या राणीने जे काही दान दिलं असेल, मग ती आमराई असो, बाग असो, दानगृह असो की आणखी काही, ते तिच्याच नावावर मोजलं जावं. शेवटी ओळख पटवून दिली आहे: ‘दुतीयाये देवीये ति तीवलमातु कालुवाकिये’. दुसरी राणी, तीवलची आई, कालुवाकी.

हे शब्द नीट पाहा. ‘दुसरी’ म्हटलं म्हणजे पहिली आहे. पण पहिलीचं नाव सांगायची गरज राजाला पडली नाही. कालुवाकीचं पडली, कारण दानाची नोंद कोणाच्या खाती घालायची असा काही तरी घोळ झालेला असणार. तीवलचं नावही राजपुत्र म्हणून आलेलं नाही. कोणती राणी, हे अधिकाऱ्याला कळावं म्हणून ते आलं आहे. घराण्याची नोंद ठेवायला कोणी बसलंच नव्हतं. हिशेब करताना आई आणि मुलगा, दोघांची नावं ओघात येऊन गेली.

बहुतेक घोळ इथेच सुरू होतो. आपण वाचताना धरून चालतो की राजाचं कुटुंब मोजायचं काम कोणी तरी केलं होतं आणि मग कुणाची तरी चूक झाली. अशोकाच्या बाबतीत असं काम कोणी केल्याचा पुरावा नाही. प्रत्येकाने आपल्याला लागतील तेवढेच नातेवाईक लिहिले.

मग महावंसाने देवी, असंधिमित्ता आणि तिस्सरक्खा याच तिघी का निवडल्या?

कारण महावंसाला श्रीलंकेतल्या बौद्ध धर्माची गोष्ट सांगायची आहे. त्या गोष्टीत दोन गोष्टींना मोल आहे: धर्म घेऊन आलेला महेंद्र, आणि संघमित्रेने आणलेली बोधिवृक्षाची फांदी. देवी ही या दोघांची आई. उज्जैनला जाता जाता तरुण अशोक विदिशेत थांबला, तिथल्या एका श्रेष्ठीच्या मुलीशी त्याचं जमलं, महेंद्र झाला आणि दोन वर्षांनी संघमित्रा. देवीचं काम एवढंच. पुढे लंकेला निघण्यापूर्वी महेंद्र तिला भेटायला विदिशेला जातो, त्यानंतर ती कथेतून जाते.

असंधिमित्ता आणि तिस्सरक्खा या दोघी बोधिवृक्षाच्या कालगणनेत येतात. वृक्षाची फांदी लंकेला गेल्यावर बारा वर्षांनी पट्टराणी असंधिमित्ता वारली. त्यानंतर चौथ्या वर्षी राजाने तिस्सरक्खेला राणी केलं. आणि राजाचं झाडावर आपल्यापेक्षा जास्त प्रेम आहे असं वाटून तिने विषारी काट्याने मूळ बोधिवृक्ष मारला. इथे राण्यांचा उपयोग तारखा सांगण्यासारखा आहे. आपल्याकडे ‘अमकी वारली त्या साली’ म्हणतात, तसा.

अशोकावदानात हीच तिष्यरक्षिता आणखी रंगवलेली आहे. राजा बोधीला रत्नं पाठवतो हे ऐकून ‘बोधी’ ही आपली सवत आहे असंच तिला वाटतं, आणि ती एका मांत्रिक बाईकरवी सवतीचा काटा काढायला जाते. सवतींची संख्या मोजण्याच्या इतिहासात झाड मोजलं गेल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

तरी एक गोष्ट तिच्या बाजूने बोलते. दक्षिणेकडची आणि उत्तरेकडची परंपरा फार आधी वेगळ्या झाल्या होत्या, आणि तरीही उतारवयातल्या अशोकाची राणी म्हणून दोघींनाही हीच बाई माहीत आहे. पाच नावांमध्ये दोन परंपरांत आलेली ही एकटी. तिने झाड मारलं की नाही ते सोडा, पण या नावाची राणी होती असं मानायला बरा आधार आहे. काही अभ्यासक कालुवाकी आणि तिष्यरक्षिता एकच असं सुचवतात. तसं असेल तर पाचाच्या चार होतात. पण हा तर्कच आहे. दोघींना जोडणारी एकही ओळ कुठे लिहिलेली नाही.

महेंद्र अशोकाचा मुलगा होता की भाऊ?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि याच्यावर वेळ घालवायला हरकत नाही.

महावंस आणि त्याच्याआधीचा लंकेचाच पाली ग्रंथ दीपवंस म्हणतात, मुलगा. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी यात्रेकरू युआन श्वांग म्हणतो, धाकटा भाऊ. दोघांनाही खोटं बोलायचं काही कारण नाही, आणि दोघेही आपल्याला मिळालेली परंपराच सांगतात.

आधी लंकेच्या परंपरेचं गणित पाहू. बुद्धाच्या निर्वाणानंतर 204 वर्षांनी महेंद्र जन्मला, असं ती सांगते. अशोकाचा अभिषेक 218 व्या वर्षी. अभिषेकाच्या सहाव्या वर्षी महेंद्राने दीक्षा घेतली, तेव्हा तो 20 वर्षांचा होता आणि संघमित्रा 18 ची. 218 आणि 6 मिळून 224. त्यातून 204 वजा केले की बरोबर 20. हिशेब चोख बसतो. पण भिक्षूला पूर्ण दीक्षा घ्यायला किमान वय 20 लागतं, आणि महेंद्र नेमका तितकाच आहे. एवढ्या चोख बसणाऱ्या आकड्याकडे मी तरी जरा संशयाने पाहतो. लेखकाने आधी दीक्षेचं वर्ष ठरवलं आणि तिथून मागे मोजत जन्मसाल काढलं, असं सहज होऊ शकतं. आकडे एकमेकांशी जुळले म्हणजे ते घडलेल्या गोष्टीशी जुळले असं होत नाही.

आता तो मुलगाच का हवा, ते पाहा. दीक्षेच्या प्रसंगात अशोक विचारतो की, एवढं दान दिलं, आता मी या धर्माचा ‘दायाद’, म्हणजे वारस-आप्त झालो का? मोग्गलिपुत्त तिस्स थेर हे ज्येष्ठ भिक्षू उत्तर देतात की, धन देणारा फार तर दाता. जो आपला मुलगा किंवा मुलगी संघाला देतो तोच धर्माचा आप्त. मग राजा महेंद्राला आणि संघमित्रेला विचारतो. ही सगळी गोष्ट ‘पोटचं मूल दिलं’ या एका खिळ्यावर टांगलेली आहे. तिथे भाऊ चालत नाही. आणि लंकेच्या संघासाठी सम्राटाच्या मुलाकडून दीक्षा मिळणं म्हणजे वंशपरंपरेचा दाखलाच.

आता युआन श्वांगचा भाऊ. त्याच्या गोष्टीत महेंद्र हा उधळ्या, माजलेला धाकटा भाऊ आहे. लोक तक्रार करतात, राजा त्याला मृत्युदंड ठरवतो, सात दिवसांची मुदत मिळते, कोठडीत त्याला वैराग्य येतं आणि तो अर्हत होतो. हे वाचून महावंस उघडला की तिथे अशोकाचा भाऊ तिस्स भेटतो: त्याला राजा सात दिवस राज्य देतो आणि सातव्या दिवशी मरायचं आहे असं सांगतो, तोही मग भिक्षू होतो. अशोकावदान उघडलं की तिथे भाऊ वीतशोक भेटतो: सात दिवस सिंहासन, मग मरणाचं भय, मग वैराग्य. तीन नावं, तीच गोष्ट.

म्हणजे भिक्षू झालेला राजाचा एक भाऊ होता, किंवा निदान त्याची गोष्ट सगळीकडे फिरत होती. ज्या प्रांतात महेंद्र हे मोठं नाव होतं तिथे ती गोष्ट महेंद्राला चिकटली. लंकेत महेंद्राची जागा आधीच मुलाची म्हणून पक्की होती, म्हणून तिथे ती तिस्सकडे गेली. तीन ग्रंथांची बेरीज करून कोणी ‘अशोकाचे तीन भाऊ भिक्षू झाले’ असं लिहिलं, तर त्याने बहुधा एकाच माणसाला तीनदा मोजलं आहे.

मग निकाल काय? माझा कल थोडा मुलाकडे आहे, तोही विदिशेमुळे. लंकेतल्या लेखकाला कथा रचायचीच असती तर राजपुत्राची आई त्याने एखाद्या राजघराण्यातली दाखवली असती. व्यापाऱ्याची मुलगी, तीही वाटेवरच्या मुक्कामात भेटलेली, ही जोड ओढूनताणून आणलेली वाटत नाही. विदिशेजवळच सांची आहे आणि तिथे अशोकाचा स्तंभ आहे. पण हा कल आहे, पुरावा नव्हे. शिलालेखांत महेंद्राचं नाव एकदाही येत नाही.

अशोकाने 99 भाऊ मारले, हे खरं का?

महावंस सांगतो की, अशोकाचा बाप बिंदुसार याला 101 मुलगे होते, वेगवेगळ्या आयांचे. अशोकाने 99 मारले आणि सख्ख्या तिस्सला ठेवलं. 101 मधून स्वतः अशोक आणि तिस्स वजा केले की 99 उरतात. इथेही वजाबाकी बिनचूक.

शंभर आणि वर एक, हा आकडा आपल्या ओळखीचा आहे. धृतराष्ट्राचे शंभर कौरव आणि दासीपासून झालेला युयुत्सू धरून 101. मोठ्या राजाला शंभर मुलगे असतात, हा कथेचा संकेत आहे, शिरगणती नव्हे. आणि भाऊ जितके जास्त मारले तितका ‘चंडाशोक’ काळा, आणि तितका पुढचा ‘धर्माशोक’ उजळ.

याला कापणारी एक ओळ खुद्द अशोकाची आहे. पाचव्या शिलालेखात, म्हणजे अभिषेकाला तेरा वर्षं झाल्यानंतर नेमलेल्या धर्ममहामात्रांबद्दल बोलताना तो म्हणतो की हे अधिकारी इथे आणि बाहेरच्या नगरांत ‘माझ्या भावांच्या, बहिणींच्या आणि इतर नातलगांच्या’ अंतःपुरांतही काम करतात. भावांची घरं नांदती होती. कोणी अडून बसलं तर म्हणेल की भाऊ मेले, त्यांची कुटुंबं राहिली. भाषा तेवढी सैल आहे, हे कबूल. पण 99 भावांना कापून काढणाऱ्या राजाने त्यांच्या घरांची काळजी वाहणारे अधिकारी नेमावेत आणि ते खडकावर कोरून मिरवावं, हे पटायला अवघड आहे. गादीसाठी भांडण झालं असेल, अशोकावदानातला थोरला भाऊ सुसीम त्यात गेला असेल. तेवढं मानायला अडचण नाही.

कुणाल आणि धर्मविवर्धन हे दोन मुलगे की एक?

एकच. अशोकावदानात राणी पद्मावतीला मुलगा होतो, त्याचं नाव धर्मविवर्धन ठेवतात. त्याचे डोळे हिमालयातल्या कुणाल पक्ष्यासारखे म्हणून त्याला कुणाल म्हणू लागतात. पाचव्या शतकात आलेला फाहियान गांधारात पोहोचतो तेव्हा लिहितो की इथे अशोकाचा मुलगा धर्मविवर्धन राज्य करत होता. तो कुणाल हे नाव काढत नाही. दोन्ही ग्रंथ समोर नसते, तर याद्यांत दोन राजपुत्र झाले असते.

याच राजपुत्राच्या डोळ्यांची गोष्ट दोन प्रकारे सांगतात आणि फरक फार बोलका आहे. बौद्ध कथेत तो तक्षशिलेला असतो, आणि सावत्र आई तिष्यरक्षिता राजाच्या मुद्रेचं खोटं पत्र पाठवून त्याचे डोळे काढवते. जैन परंपरेत, बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या परिशिष्टपर्वात, तो उज्जैनला असतो. राजा प्राकृतात लिहितो ‘अधीयउ’, म्हणजे कुमाराने आता शिकावं. सावत्र आई त्या ‘अ’वर गुपचूप एक टिंब देते: ‘अंधीयउ’, म्हणजे आंधळा व्हावा. कुमार पित्याची आज्ञा मानून स्वतःच डोळे घालवतो.

तक्षशिला की उज्जैन? बौद्ध कथेचा ओढा वायव्येकडे, म्हणून तक्षशिला. जैनांसाठी महत्त्वाचा कुणालचा मुलगा संप्रति, त्यांचा मोठा आश्रयदाता, आणि त्याचं नाव उज्जैनशी जोडलेलं; म्हणून उज्जैन. मुलगा तोच, आंधळेपण तेच. गाव मात्र ज्याच्या त्याच्या सोयीचं.

जलौक, कुस्तन आणि चारुमती यांची नावं कुठून येतात?

जलौक कल्हणाच्या राजतरंगिणीतून, म्हणजे काश्मीरमधून, बाराव्या शतकातून. तिथला जलौक शिवभक्त आहे आणि म्लेच्छांना हाकलून देतो. कुस्तन खोतानमधून: टाकून दिलेलं बाळ, जमिनीतून वर आलेल्या स्तनावर वाढलं, म्हणून ‘कु’ म्हणजे पृथ्वी आणि ‘स्तन’. ही कथा नावाची फोड करता करता जन्मलेली आहे हे उघड दिसतं. चारुमती नेपाळच्या परंपरेत.

नकाशावर ठेवलं की लक्षात येतं: प्रत्येक प्रदेशाला अशोकाचं एक मूल मिळालं आहे, आणि बहुतेक वेळा फक्त तिथेच.

पुराणं तर राजवंशच सांगतात. त्यांत राण्या का नाहीत?

पुराणांची यादी ‘अमक्यामागे अमका, इतकी वर्षं’ अशी आहे. राणीला तिथे रकानाच नाही. अशोकानंतरच्या नावांतही पुराणापुराणांत फरक आहे. त्यांतला दशरथ मात्र खरा, कारण गयेजवळच्या नागार्जुनी टेकडीवरच्या गुहा त्याने अभिषेक होताच आजीवक पंथाच्या साधूंना दिल्या, असा लेख तिथे आहे. पण तो अशोकाचा कोण, हे लेख सांगत नाही.

अशोकाच्या स्वतःच्या लेखांत मुलांचा आकडा आहे का?

आकडा नाही, पण एक शब्द आहे ज्याने आकड्याचीच पंचाईत होते.

टोपऱ्याहून फिरोजशाह तुघलकाने दिल्लीला आणलेल्या खांबावर सातवा स्तंभलेख आहे. अभिषेकाला सत्तावीस वर्षं झाल्यावरचा, म्हणजे तोवर राजा उतारवयाला लागला होता. त्यात दानधर्माच्या वाटपाबद्दल तो म्हणतो की अधिकारी माझ्या आणि राण्यांच्या दानाचं काम पाहतात, माझ्या सगळ्या अंतःपुरात पाहतात, आणि ‘दालकां’च्या, म्हणजे माझ्या मुलांच्या, आणि ‘इतर देवीकुमारां’च्या दानाचंही पाहतात.

मुलं आणि राणीपुत्र वेगळे का मोजले? याचे दोन अर्थ लागतात. एक, दालक म्हणजे अशोकाची मुलं आणि देवीकुमार म्हणजे बिंदुसाराच्या राण्यांची मुलं, अशोकाचे सावत्र भाऊ. दुसरा, देवीकुमार म्हणजे अभिषिक्त राण्यांची मुलं, आणि दालक या शब्दात अंतःपुरातल्या इतर स्त्रियांची मुलंही आली. पहिला अर्थ धरला तर देवीकुमार अशोकाच्या मुलांत मोजायचे नाहीत. दुसरा धरला तर मोजायचे, आणि शिवाय त्यांच्याखेरीज आणखी मुलं होती असंही मानायचं. ‘राजाची मुलं’ म्हणजे कोण, हे दरबारातही एका शब्दात भागत नव्हतं. मग शेकडो वर्षांनी, हजार कोसांवर बसून लिहिणाऱ्याचं काय भागणार!

राण्यांसाठीही तिथे अनेकवचन आहे, म्हणजे किमान दोन. प्राकृतात द्विवचन उरलेलं नाही, आपल्या मराठीसारखंच. त्यामुळे ‘राण्या’ या शब्दाने दोनही चालतात आणि वीसही.

बाकी लेखांत कुमार तोसलीला आहे, उज्जैनला आहे, तक्षशिलेला आहे, आणि दक्षिणेत सुवर्णगिरीला एक आर्यपुत्र आहे. चार जागा झाल्या. पण एकाचंही नाव दिलेलं नाही, आणि कुमार म्हणजे राजाचाच मुलगा असं ठामपणे म्हणता येत नाही. तक्षशिलेचा कुमार पाहून कुणाल आठवतो आणि उज्जैनचा पाहून जैनांचा कुणाल आठवतो. मोह होतोच. पण नुसत्या पदावर नाव चिकटवू नये.

शिलालेखाचं वाचन तरी पक्कं असतं ना?

नेहमीच नाही. मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यात पानगुडारिया इथे एका खडकाळ आसऱ्यात अशोकाचा लघुशिलालेख आहे आणि त्याच्याशी जोडलेली एक ओळ. ब्राह्मीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, अक्षरं सलग चालतात. दि. चं. सरकार यांनी ती ओळ तोडली तेव्हा तिच्यातून संव नावाचा राजकुमार निघाला, ज्याला राजा प्रियदर्शी, म्हणजे अशोकच, काही तरी कळवतो आहे. हॅरी फाल्क या जर्मन अभ्यासकाने तीच अक्षरं निराळी तोडली. त्यांना ‘संवसमाने’ असा सलग शब्द मिळाला, म्हणजे सोबत राहणारा. त्यांच्या मते अर्थ असा: प्रियदर्शी राजा पूर्वी राजकुमार असताना, लग्नाविना सोबत राहणाऱ्या स्त्रीबरोबर, विहारयात्रेला इथे आला होता.

पहिल्या वाचनात घराण्यात एक कुमार वाढतो. दुसऱ्या वाचनात तो कुमार नाहीसा होतो आणि एक स्त्री वाढते.

दुसऱ्या वाचनाकडे ओढ वाटायला आणखी कारण आहे. महावंसात विदिशेच्या देवीबद्दल शब्द आहेत ‘संवासं ताय कप्पेसि’, तिच्यासोबत संवास केला. लग्न लागलं असं नाही. अशोक तेव्हा राजकुमारच, मुलूख तोच माळव्याचा. दोन जागी एकच धातू येणं हा योगायोगही असू शकतो, पण मला ही जुळणी सहज बाजूला सारता येत नाही. आणि देवी लग्नाची नव्हती असं धरलं, तर ‘राण्या किती’ या प्रश्नात तिला मोजायची की नाही? ‘देवी’ हे नाव असलं तरी तो राणीचा किताबही आहे, हा घोळ त्यात आणखी.

सगळी नावं एकत्र करून पूर्ण यादी का करू नये?

करा, पण प्रत्येक नावाला ते कुठून आलं याची खूण लावा. मी अशी विभागणी करतो. समकालीन लेखात असलेली: कालुवाकी आणि तीवल, बस. परस्परांशी संपर्क नसलेल्या दोन परंपरांत असलेली: तिष्यरक्षिता, आणि जैन-बौद्ध दोन्हींत व पुराणांतही असलेला कुणाल. एका परंपरेत पण पटण्याजोग्या तपशिलांसह: देवी, महेंद्र, संघमित्रा, असंधिमित्ता. एका परंपरेत आणि तेही फार उशिरा, किंवा नावाच्या फोडीतून आलेली: जलौक, कुस्तन, चारुमती. पद्मावती कुणालच्या आईपुरती येते; कुणाल खरा तर त्याला आई असणारच, नाव हेच होतं का ते कोण सांगणार.

सरसकट बेरीज केली तर एकाच भावाला तीनदा मोजल्यासारखं होतं. सरसकट वजाबाकी करून ‘शिलालेखात नाही म्हणजे नव्हतंच’ म्हटलं, तर पट्टराणीच गायब होते, कारण ‘दुसरी’ लिहिणाऱ्या राजाने पहिलीचं नाव लिहिलेलंच नाही.

तीवलचं पुढे काय झालं?

काहीच कळत नाही. तो बापाआधी वारला असं कुठे कुठे छापलेलं आढळतं. त्याला गादी मिळाल्याचं दिसत नाही एवढ्यावरून काढलेला तो अंदाज आहे. कुठल्याही वंशग्रंथाला तो नको होता. त्याने बेट धर्मात आणलं नाही, आंधळा होऊन कोणाला वैराग्य शिकवलं नाही, एखादं राज्य वसवल्याची आठवण कोणी जपली नाही.

ज्या खांबावर त्याचं नाव आहे, त्याच खांबावर सुमारे सहाशे वर्षांनी समुद्रगुप्ताची प्रशस्ती कोरली गेली. समुद्रगुप्त आपल्या आईचं नाव आवर्जून सांगतो, महादेवी कुमारदेवी, आणि स्वतःला ‘लिच्छविदौहित्र’ म्हणवतो, कारण लिच्छवींचा नातू असण्याला वजन होतं. आणखी बाराशे वर्षांनी जहांगीराने तिथेच आपल्या पूर्वजांची नावं फारसीत कोरवली. ती नेमकी अशोकाच्या मजकुरावर आली आणि तिसऱ्या-चौथ्या स्तंभलेखाच्या ओळी कायमच्या खरवडल्या गेल्या. राणीचा लेख त्या पट्ट्यात सापडला नाही, म्हणून आमराईचा हिशेब आणि तीवलच्या आईचं नाव आज वाचता येतं.